फिके निऑन, पांढरे खडे: अण्णांच्या टाकीच्या नोंदी

३ नोव्हेंबर

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत साधारण ५५ लिटर पाणी. महिन्याभरापूर्वी अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीत, पलंगासमोर ठेवली. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वाचायला मनाई होती, तेव्हा निदान बघायला काहीतरी असावं एवढाच हेतू होता. दुकानदाराने जे जे दिलं ते ते आम्ही घातलं: तळाला पांढरेशुभ्र खडे, मागे समुद्रातल्या प्रवाळाचं निळं पोस्टर, एक जांभळं आणि एक पोपटी प्लॅस्टिकचं झाड, आणि लेकीने हट्टाने घेतलेला गुलाबी किल्ला. मासे म्हणजे १२ निऑन टेट्रा.

दुकानात हे निऑन ठिणग्यांसारखे दिसत होते. घरी आल्यापासून शेवयांचे तुकडे पाण्यात पडल्यासारखे दिसतात. पाठ गवती फिकट, पोट पांढरट, निळी पट्टी आहे म्हणून आहे. आज अण्णांनीच विचारलं, "अगं, आपण घेतले ते हेच का? की बदलून दिले त्याने?"

बदलले नाहीत, एवढं मला माहीत आहे. दुकानातली टाकी आठवून पाहिली. तिच्या तीन बाजू काळ्या रंगवलेल्या होत्या आणि तळाला खडे नव्हतेच, नुसती काळपट काच. दुकानदाराने आपले मासे काळ्यात ठेवले आणि आम्हाला पांढरे खडे विकले. नोंदी आजपासून.

५ नोव्हेंबर

रंगाकडे वळण्याआधी बाकीच्या शंका काढून टाकल्या. मासा फिका पडायला दहा कारणं असतात आणि खड्यांना उगाच दोष देण्यात अर्थ नाही.

माशांच्या घाणीतून पाण्यात येणारा विषारी अमोनिया शून्य. तापमान २४ अंश. आमच्याकडे खडकवासल्याचं पालिकेचं पाणी येतं, ते मऊ असतं, त्यामुळे निऑनला चालतं. मासे खातात, घोळक्याने फिरतात, पंख मिटलेले नाहीत.

सकाळी सहाला उठून एक गोष्ट मुद्दाम पाहिली. दिवा लावायच्या आधी निऑनची पट्टी निळी नसतेच, मंद जांभळट असते, आणि लाल भागही विझलेला असतो. दिवा लावल्यावर हळूहळू निळं-हिरवं परत येतं. हे आजारपण नाही. निऑनची निळी पट्टी म्हणजे निळं रंगद्रव्य नव्हे. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिशय पातळ, चमकदार चकत्यांची चळत असते. चकत्यांमधलं अंतर जसं असेल तसा परतणाऱ्या प्रकाशाचा रंग ठरतो, आणि अंधार-उजेडाप्रमाणे ते अंतर कमी-जास्त होतं. साबणाच्या फुग्यावर किंवा रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतो त्याच जातीचा हा रंग. तेव्हा निऑनचा रंग सकाळी उठल्या उठल्या पाहायचा नाही. मी दुपारी चार ही वेळ ठरवून टाकली.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस वाया गेला, पण लिहून ठेवते.

पोस्टर काढून मागे काळा चार्ट पेपर लावला आणि आधीचा-नंतरचा असे मोबाइलवर फोटो काढले. नंतरच्या फोटोत मासे भलतेच उजळ आले. खूश होऊन बहिणीला पाठवणार, तेवढ्यात लक्षात आलं की नंतरच्या फोटोत फिल्टरचा पांढरा पाइपसुद्धा जास्त उजळ आहे. पाइपने काही रंग बदलला नसणार. चौकटीत काळं जास्त आलं की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो, पांढरं जास्त आलं की कमी करतो. म्हणजे फरक माशांचा किती आणि मोबाइलचा किती, सांगता येत नाही.

आता मोबाइल 'प्रो' मोडमध्ये ठेवून उजेडाचे आणि रंगाचे आकडे कायम केलेत, आणि काचेला बाहेरून एक पांढरा प्लॅस्टिकचा चमचा चिकटवलाय. चमचा दोन्ही फोटोंत सारखा दिसला तरच तुलना करायची.

१० ते १६ नोव्हेंबर

या आठवड्यात एकच काम केलं आणि त्यात सगळ्यात जास्त शिकले.

प्रश्न असा होता: मासा फिका *दिसतो* की फिका *होतो*? जुनी ८ लिटरची काचेची टाकी माळ्यावर होती. तिच्यात मोठ्या टाकीतलंच पाणी आणि छोटा स्पंज फिल्टर घालून पाच निऑन सोडले. तळाला काहीच नाही. मग काचेच्या बाहेरून, तळाखाली आणि मागे, चार्ट पेपर बदलत गेले. सुरुवातीचे दोन दिवस मोजले नाहीत, कारण हलवलेला मासा घाबरूनही फिका पडतो.

तळ पांढरा, मागे पांढरा: आमच्या मोठ्या टाकीत सुरुवातीला दिसायचे तसेच. शेवया.

तळ पांढरा, मागे काळा: पट्टी एकदम उठून दिसली. लांबून पाहिलं तर काम झालं असंच वाटेल. जवळ गेल्यावर दिसतं की पट्टीच्या वरची पाठ अजून तशीच पारदर्शक, पिवळट आहे. निळ्या रेघेला वरून धारच नाही.

तळ काळा, मागे पांढरा: हे सगळ्यात गमतीचं. अर्ध्या-पाऊण तासात पाठ गडद ऑलिव्ह झाली, जवळजवळ शेवाळी काळी. म्हणजे मासा खरोखर बदलला. पण मागच्या पांढऱ्यावर आपल्याला तो सावलीसारखा दिसतो, निळं त्यात हरवतं. मासा रंगलाय, बघणाऱ्याला फायदा नाही.

तळ काळा, मागे काळा: दुकानातले निऑन.

म्हणजे आपण ज्याला 'बॅकग्राउंड' म्हणतो त्यात दोन वेगळी कामं मिसळलेली आहेत. तळ माशासाठी असतो, मागची काच आपल्यासाठी. माशाच्या त्वचेत काळं रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात. रंगद्रव्याचे कण पेशीभर पसरले की मासा गडद होतो, मधोमध गोळा झाले की फिका. पसरायचं की गोळा व्हायचं हे मासा डोळ्याने ठरवतो: वरून किती उजेड येतो आणि खालून किती परततो, यांची तुलना करून. पांढऱ्या खड्यांवरून पुष्कळ उजेड परततो, मग मासा स्वतःला फिका करतो, कारण वरून पाहणाऱ्या बगळ्याला पांढऱ्या तळावर गडद पाठ चटकन दिसेल. म्हणून "रंग दिसत नाही, दिवा मोठा लावा" हा सल्ला पांढऱ्या खड्यांवर चालत नाही. दिवा वाढवला की वरचा आणि खालचा उजेड सारख्याच प्रमाणात वाढतो, माशाचा हिशोब तोच राहतो.

हे डोळ्यावर चालतं याची उलटी खूणही आहे. घोळक्यातला एखादाच मासा कायम काळवंडलेला दिसू लागला तर तो आंधळा झालाय का, हे पाहावं. तळ दिसत नाही तर शरीर तळ काळाच धरून चालतं.

एक मर्यादा. तासाभरात होणारा बदल हा असलेल्या कणांच्या हालचालीचा. गडद तळावर मासे महिनोन्महिने राहिले तर काळ्या पेशींची संख्याही वाढते, पांढऱ्यावर राहिले तर घटते. तो बदल तासांत नाही, आठवड्यांत मोजायचा. त्यामुळे खडे बदलल्यावर दुसऱ्या दिवशी जे दिसेल ते शेवटचं समजायचं नाही.

२० नोव्हेंबर

खड्यांची खरेदी. चार प्रकारांचे मूठ-मूठ नमुने आणले आणि ओट्यावर स्टीलच्या वाट्यांत पाण्यात घालून ठेवले. कोरडा खडा पाहून रंग ठरवू नये. आपला सह्याद्रीचा काळा दगड कोरडा असताना राखाडी असतो, भिजला की काळा होतो. उलट दुकानातले चकचकीत काळे खडे कोरडे असताना काळेभोर, पण पाण्यात दिव्याखाली प्रत्येक खड्यावर पांढरा ठिपका चमकतो. मोठा आणि गुळगुळीत दाणा आरशासारखं काम करतो. बारीक, खरबरीत दाणा उजेड पिऊन टाकतो.

गुलाबी खडे लेकीच्या आग्रहाने आणले होते. गरम पाण्याच्या ग्लासात रात्रभर ठेवले, सकाळी पाणी कोकम सरबताच्या पहिल्या थेंबासारखं. बाद. तिने ते मनी प्लँटच्या बाटलीत भरले.

जुने पांढरे खडे काय आहेत तेही पाहिलं. व्हिनेगरचे थेंब टाकल्याबरोबर बुडबुडे. संगमरवराचे तुकडे निघाले. म्हणजे रंग तर जायचाच, शिवाय हळूहळू विरघळून मऊ पाणी कठीण करत होते. दुकानदार काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "ताई, सगळे हेच नेतात. टाकी उजळ दिसते ना."

टाकी उजळ दिसते हे खरंच आहे.

निवड: काळ्या दगडाची क्रशरवरची बारीक कच, २ ते ३ मिलिमीटर. समोरच्या बांधकामावर विचारून दोन घमेली मिळाली. व्हिनेगरला दाद दिली नाही. तरी काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे चुन्याचे स्फटिक असू शकतात, म्हणून ताटात पसरून पांढरे दाणे वेचून काढले, तांदूळ निवडतात तसे. क्रशरचा दाणा धारदार असतो हे लक्षात घेतलं पाहिजे. निऑन तळ उकरत नाहीत, त्यांना चालतं. तळात तोंड खुपसून खाणारे कोरिडोरास असते तर त्यांच्या मिश्या झिजल्या असत्या. त्यांच्यासाठी गोल दाण्याची वाळूच हवी.

२४ नोव्हेंबर

धुण्यात सकाळ गेली. १४ बादल्या. पहिल्या पाच बादल्या सिमेंटच्या पाण्यासारख्या. शेवटी निम्मी कच चाळणीतून खाली गेली तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं. दोन फूट बाय एक फुटाच्या तळावर सरासरी ४ सेंटिमीटर थर म्हणजे ७ लिटरच्या आसपास, वजनाला ११ किलो. मागे ५ सेंटिमीटर, पुढे ३. पुढच्या काचेशी थर पातळ ठेवला कारण तिथे काचेतून कापलेली कड दिसते आणि त्यात घाण साचलेली दिसते.

मासे बादलीत, फिल्टर त्याच बादलीत चालू. फिल्टरचा स्पंज मुद्दाम धुतला नाही. जुन्या खड्यांवरचे, अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू खड्यांबरोबर गेले, उरले ते स्पंजात. आठवडाभर खाणं निम्मं आणि अमोनिया रोज तपासायचा.

संध्याकाळी मासे सोडले. रात्री आठपर्यंत कोपऱ्यात गठ्ठा करून उभे. लेक म्हणाली, "आई, त्यांना भीती वाटते का अंधाराची?" उजेड तेवढाच होता, पण तळ काळा झाल्यावर टाकी खोल विहिरीसारखी वाटत होती हे खरं.

२७ नोव्हेंबर

तिसरा दिवस, दुपारी चार. चमचा दोन्ही फोटोंत सारखा. पाठी गडद झाल्यात. लाल भाग आधी पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत जेमतेम गुलाबी दिसायचा, आता लाल म्हणता येईल. अमोनिया एकदा किंचित दिसला, २० टक्के पाणी बदललं, मग शून्य.

अण्णांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. उजव्या डोळ्याने म्हणे पट्टी "विजेसारखी निळी", डाव्याने "हिरवट, जुन्या साडीच्या काठासारखी". डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून तसाच आहे. पिकलेलं भिंग पिवळट-तपकिरी असतं, निळा उजेड गाळून टाकतं. म्हणजे आमच्या घरात एकाच माशाबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाची.

२ डिसेंबर

मागच्या काचेचा चार्ट पेपर दमट होऊन फुगला. जिथे काचेला टेकलाय तिथे काळा, जिथे सुटलाय तिथे चंदेरी राखाडी, कारण काच आणि कागदामध्ये हवा शिरली की काच आरसा होते. म्हणून मॅट काळी प्लॅस्टिक फिल्म आणली. फिल्म आणि काचेमध्ये तेलाचा पातळ हात फिरवला की हवा राहत नाही आणि काळं खरंच काळं दिसतं, हे मला माहीत होतं. घरात खोबरेल होतं, तेच लावलं. झकास बसलं.

१३ डिसेंबर

खोबरेल थिजलं.

काल रात्री पुण्यात चांगलीच थंडी पडली. टाकीत हीटर आहे म्हणून वरचा भाग ठीक, पण तळाच्या पट्ट्यात आणि कडेला, जिथे बाहेरची गार हवा लागते, तिथे पांढरे ढग. अण्णा सकाळी म्हणाले, "अगं, टाकीला पण मोतीबिंदू झालाय." फिल्म काढून काच पुसली, मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं आणि तेच लावलं. ते असल्या थंडीत थिजत नाही.

१५ डिसेंबर

झाडं. प्लॅस्टिकची दोन्ही काढली. पोपटी झाड माशाच्या शेजारी नेहमीच जिंकतं: डोळा आधी तिकडे जातो. सजावटीतली कुठलीही गोष्ट माशापेक्षा भडक असली की मासा दुय्यम होतो, त्यात माशाचा काही दोष नाही.

आता आहे ते असं: डावीकडे तपकिरी लाकडाचा एक फाटा, त्यावर दोऱ्याने बांधलेली जावा फर्न. मध्ये मागे क्रिप्टोकोरीनचे दोन गठ्ठे, गडद हिरव्या पानांचे. उजव्या पुढच्या कोपऱ्यात जावा मॉस बांधलेला एक गोटा. सगळ्या कमी उजेडावर वाढणाऱ्या वनस्पती निवडल्या, कारण जास्त उजेड दिला की शेवाळ धरतं. मध्यभागी एक फूटभर जागा पूर्ण मोकळी सोडली. मागे नुसता काळा. निऑन तिथूनच आडवे जातात.

दुकानात लाल पानांची लुडविगिया फार सुंदर होती. घेतलीसुद्धा. लावल्यावर लक्षात आलं की निऑन तिच्यासमोरून गेला की त्याचा मागचा अर्धा भाग नाहीसा होतो, आणि नुसती निळी रेघ पोहत जाते. लाल मासा हिरव्यासमोर हवा, लालसमोर नाही. इतकं साधं असून मी १२० रुपये घातले. ती बाल्कनीतल्या टबात गेली.

गुलाबी किल्ला फेकायचा नाही असा करार आहे. आठवडाभर बादलीत भिजवला, रंग सुटला नाही. त्याला खालपासून वरपर्यंत मॉस गुंडाळून मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. सध्या कोबीच्या गड्ड्यातून बुरूज बाहेर आल्यासारखं दिसतं.

२२ डिसेंबर

१० एम्बर टेट्रा आणले. जेमतेम दोन सेंटिमीटरचे, मूळचे ब्राझीलच्या आराग्वाया नदीच्या खोऱ्यातले. दुकानात फिके भगवे होते. पंधरा दिवस त्या ८ लिटरच्या टाकीत वेगळे ठेवणार, १० माशांना जागा कमीच आहे, म्हणून तिथे एक दिवसाआड पाणी बदलायचं.

त्यांच्या बाबतीत तळाचा नियम अर्धाच लागू पडतो. निऑनचं निळं चकत्यांचं, पण एम्बरचं भगवं कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचं आहे, आणि ती मासा स्वतः तयार करू शकत नाही, खाण्यातूनच मिळवावी लागतात. गडद तळ असलेला रंग पसरवेल, नसलेला आणणार कुठून? म्हणून एक दिवसाआड सायक्लॉप्स किंवा आर्टेमिया हे गोठवलेले बारीक जलजीव, इतर दिवशी दाण्यांचा चुरा. चार-सहा आठवडे तरी थांबायचं.

लेकीला दुकानातले गुलाबी-निळे पट्टे असलेले पारदर्शक ग्लासफिश हवे होते. ते सुईने रंग टोचलेले असतात, हे तिला तिथेच सांगितलं. ती दुकानदाराकडे असं बघत राहिली की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

३० डिसेंबर

दिवा. टाकीबरोबर आलेल्या दिव्याला तीन बटणं आहेत: पांढरा, निळा, दोन्ही. निळ्यावर निऑनची पट्टी पेटते, पण लाल भाग काळा पडतो आणि वेगळे ठेवलेले एम्बर तंबाखूच्या रंगाचे दिसतात. उजेडात लालच नसेल तर लाल मासा परत काय पाठवणार? ६५०० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा म्हणजे सीआरआय ९०च्या पुढचा पांढरा दिवा आणला. लाल लगेच सुधारलं.

त्याहून मोठा फरक फुकटात पडला. दिवा आजवर मागच्या काचेजवळ होता. तो उचलून पुढच्या काचेजवळ ठेवला. पट्टीचा रंग परावर्तनाचा असल्यामुळे उजेड बघणाऱ्याच्या बाजूने पडायला हवा. दिवा मागे असताना उजेड माशाच्या पलीकडच्या अंगावर पडत होता, आपल्याला सावलीची बाजू दिसत होती. अण्णा पलंगावर आडवे असतात, त्यांची नजर टाकीच्या मध्यावर येते. त्यांच्या उशीवर डोकं ठेवून मी दिवा इंच-इंच सरकवून घेतला. पुढच्या काचेपासून चार बोटं आत, तिथे सगळ्यात छान.

८ जानेवारी

एम्बर मोठ्या टाकीत. पहिल्या तासात ते लाकडाच्या फाट्यामागे गेले आणि दिसेनासे झाले. लपले नव्हते, समोरच होते. भगवा मासा तपकिरी लाकडासमोर विरघळतो. मॉसच्या गोट्यासमोर आले की प्रत्येक मासा वेगळा मोजता येतो. फाटा थोडा मागे ढकलला आणि त्याच्या पुढे फर्नची दोन रोपं आणली. लाकडाचा एक वीतभर भाग मात्र उघडा ठेवलाय. सगळीकडून दिसलेच पाहिजेत असा नियम केला तर टाकी दुकानाच्या शोकेससारखी होते. मासा नाहीसा होऊन परत दिसला की नजर त्याच्यामागे जाते.

१४ जानेवारी

दोन गोष्टी, दोन्ही वाईट.

पुढच्या काचेवर तीन लांब ओरखडे. काच आतून पुसायला चुंबकाचा घासा आहे. आपल्या काळ्या दगडात चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, हे शाळेत वाळूत चुंबक फिरवताना पाहिलंय, आणि तरी लक्षात आलं नाही. घासा तळाजवळ नेला, बारीक कण त्याला चिकटले, आणि मी ते काचेवर वरपर्यंत ओढले. काळी कच असेल तर चुंबक तळाच्या दोन इंच वरच थांबवायचा, खालचा पट्टा जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचा.

दुसरं: एका निऑनची पट्टी शेपटीकडे तुटली आहे. तिथे पांढरट डाग, तो घोळक्यापासून वेगळा पोहतो. हा तळाचा किंवा घाबरण्याचा फिकेपणा नाही. तो आला की सगळ्यांना सारखा येतो, अंगभर येतो, आणि जातो. एकाच माशाला, ठिगळासारखा आणि दिवसेंदिवस वाढणारा फिकेपणा निऑनच्या परजीवी आजाराचा असू शकतो, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. तो मासा वेगळा केला. पांढऱ्या खड्यांवर हे मला दिसलंच नसतं, कारण तेव्हा बाराही मासे आजारी दिसत होते.

१९ जानेवारी

वेगळा केलेला निऑन गेला. उरलेल्या ११ वर डाग नाहीत. रोज मोजते.

२६ जानेवारी

सोसायटीच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे, थंडीत पानं लाल होऊन गळतात. गळलेली, पूर्ण वाळून तपकिरी झालेली दोन पानं उचलली. झाडावर फवारणी झाली नव्हती हे वॉचमन काकांना विचारून घेतलं. पानं धुऊन एक तळाला टाकलं, दुसरं राखून ठेवलं. तीन दिवसांत पाणी फिकट चहासारखं झालं.

अपेक्षा होती की सगळंच सुधारेल. निऑन आणि एम्बर दोघंही अशा पानं कुजलेल्या पाण्यातलेही रहिवासी. एम्बर खरोखर निखाऱ्यासारखे दिसू लागले, काळ्या कचेवर पडलेल्या तपकिरी पानाने तळाचा एकसुरी काळेपणाही मोडला, आणि घोळका जास्त वेळ मोकळ्या जागेत राहतो. पण निऑनची निळी पट्टी मंदावली. साहजिक आहे, चहाचं पाणी निळा उजेड शोषून घेतं. लाल-भगवं हवं तर पान टाका, निळं हवं तर पाणी स्वच्छ ठेवा. दोन्ही एका टाकीत पूर्ण मिळत नाही. अर्धं पान हा आमचा मध्यम मार्ग, पाणी जेमतेम लिंबाच्या सरबताइतकं पिवळं.

९ फेब्रुवारी

एम्बर आता निम्म्याहून अधिक गडद भगवे. नर शेपटीच्या मुळाशी जवळजवळ लाल. काळ्या कचेवर माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं पांढऱ्यापेक्षा जास्त उठून दिसतं, ही तक्रार लिहायची राहिली होती. आठवड्यातून एकदा नळीने तळ ओढावा लागतो. पूर्वी हीच घाण पांढऱ्या संगमरवराच्या तुकड्यांत खोल जाऊन बसत होती, एवढंच.

मॉसने किल्ला जवळजवळ गिळला आहे. वरची एक गुलाबी खिडकी उरलीय, एम्बर तिच्यातून आत-बाहेर करतात. लेक रोज विचारते, खिडकी बुजणार का. कात्री तिच्या हातात दिली आहे, खिडकी तिच्या ताब्यात.

१६ फेब्रुवारी

आज दुपारी चारला अण्णांच्या पलंगाशी बसले होते. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने टाकीकडे पाहिलं. "पान टाकलंस तेव्हा तुला निळं जसं कमी दिसलं ना," ते म्हणाले, "मला या डोळ्याने तसं आधीपासूनच दिसत होतं." मग हात काढला आणि उजव्या डोळ्याने बराच वेळ पाहत राहिले. डाव्या डोळ्याची तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळाली आहे. तोवर टाकीत नवीन पान टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलंय.